पहिला तारा डावीकडचा

पंगतीत वाढताना "मीठ बरोबर आहे ना?" असं विचारायला आपल्याकडे कुणी लाजत नाही. पान पुढ्यात असतं, घास तोंडात असतो आणि "छान झालंय" म्हणून मान हलते. हेच विचारणं व्हॉट्सअॅपवरून करायचं ठरलं की मात्र बोटं अडखळतात. "गूगलवर दोन शब्द लिहाल का?" या एका वाक्यासाठी लोक अर्धा तास मजकूर लिहून खोडतात आणि शेवटी कुठून तरी आलेला इंग्रजी मेसेज तसाच पुढे ढकलतात. त्याच्या वर 'फॉरवर्डेड' असं दिसतं, आणि वाचणाऱ्याला कळतं की हा निरोप आपल्यासाठी लिहिलेला नाही.

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या आसपास घरी शिवलेली नऊवारी करून देणारी एखादी ताई डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकं निम्मी मराठी, निम्मी गुजराती. दुकानाची पाटी नाही, जाहिरात तोंडी. नवी गिऱ्हाईक आता तोंडी ऐकते आणि मग गूगलवर नाव टाकून बघतेच. तिथे तिला बघायचं असतं की साडी दिलेल्या दिवशी मिळते का, निऱ्या जागेवर राहतात का, खाली बसल्यावर काष्टा ओढला जातो का. 'खूप सुंदर, फाइव्ह स्टार' या अभिप्रायात यांतलं काहीच नसतं. म्हणून मेसेजमध्ये 'चांगला रिव्ह्यू द्या' असं न म्हणता नेमकं काय लिहायचं ते विचारावं. प्रश्न नेमका असला की लिहिणारीलाही सोपं जातं.

आधी लिंक. ताईने ज्या जीमेल खात्यावर व्यवसायाची नोंद केली आहे त्याच खात्याने गूगलमध्ये जाऊन स्वतःच्या व्यवसायाचं नाव शोधलं, की वर संपादनाची बटणं दिसतात. त्यांत रिव्ह्यू मागण्याचं बटण असतं, ते दाबलं की छोटी लिंक आणि क्यूआर कोड दोन्ही मिळतात. जुन्या व्हिडिओंमध्ये 'गूगल माय बिझनेस' नावाचं अॅप उघडायला सांगतात. ते नाव २०२१ साली बदलून 'बिझनेस प्रोफाइल' झालं आणि पुढे ते अॅपही बंद झालं, त्यामुळे ते शोधत बसू नये. लिंक साधारण अशी दिसते:

```
https://g.page/r/.../review
```

मधल्या टिंबांच्या जागी आपल्या नोंदीची अक्षरं असतात. लिंक पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघावी. पण बघून बंद करावी. घरच्यांनी स्वतःच्या धंद्याला तारे देणं गूगलच्या नियमात बसत नाही.

आता मेसेज. काकूंना असा जाऊ शकतो:

"नमस्कार काकू. तुमची मोरपंखी नऊवारी परवा कार्यात नेसलात ना. नेसल्यावर कशी बसली, निऱ्या नीट राहिल्या का, वेळेवर मिळाली का, हे गूगलवर दोन ओळींत लिहाल का? बरं-वाईट जे वाटलं ते लिहा. पहिल्यांदा शिवायला टाकणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग होतो.
१. खालच्या निळ्या लिंकवर बोट लावा.
२. पाच तारे दिसतील. डावीकडून पहिला म्हणजे १, उजवीकडचा शेवटचा म्हणजे ५. वाटतील तेवढे द्या.
३. खालच्या चौकटीत मराठी, गुजराती, हिंदी, कशातही लिहा. बोलून लिहायचं असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबा.
४. शेवटी Post दाबा.
नाही जमलं तरी काही हरकत नाही."

आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, फक्त लिंक. ती मजकुराच्या मधोमध पुरली तर बोट चुकतं. तिच्या मागोमाग पूर्णविराम टाकला तर कधी कधी तोही लिंकचाच भाग समजला जातो आणि पान उघडत नाही.

दुसरी पायरी वाचून काहींना हसू येईल. ताऱ्यांची मोजणी कुणाला शिकवायची असते का? असते. पहिला नंबर म्हणजे सर्वांत चांगला, हे आपल्या डोक्यात शाळेपासून पक्कं बसलंय. त्यामुळे एखादी मावशी मनापासून पहिल्या ताऱ्यावर बोट ठेवते आणि खाली लिहिते, "फार सुंदर काम." एक तारा आणि फार सुंदर काम! अशी जोडी दिसली की बोट चुकलंय हे उघड असतं. तेव्हा घाबरून जाऊ नये. फोन करून सांगावं, "मावशी, तारे जरा तपासता का? तीच लिंक परत उघडा, तुमचं लिहिलेलं दिसेल, तिथेच बदलता येतं." एका खात्यावरून एका जागेसाठी एकच अभिप्राय राहतो, म्हणून नवा लिहायचा नसतो, जुनाच दुरुस्त करायचा असतो.

एकच खातं या गोष्टीतून दुसरी गंमत होते. आपल्या घरांत काकूंचा फोन बहुतेक वेळा मुलाने सुरू करून दिलेला असतो, आणि त्यात जीमेलही त्याचंच असतं. मग नऊवारीच्या निऱ्यांचं कौतुक कुणा तरुण इंजिनिअरच्या नावाने, त्याच्या हेल्मेट घातलेल्या फोटोसकट झळकतं. वाचणाऱ्याला ते खोटं वाटतं. शिवाय सुनेनेही त्याच ताईकडून साडी शिवली असेल आणि तिच्याही फोनवर तेच खातं असेल, तर तिने लिहायला घेतल्यावर सासूबाईंचा अभिप्राय पुसून तिचा बसतो. यावर मेसेजमध्ये तोडगा काढू नये, मेसेज लांबतो. साडी हातात देताना तोंडी विचारावं, "काकू, फोनमध्ये गूगलला तुमचंच नाव आहे ना?" एवढं पुरतं. ज्यांच्या फोनवर खातंच नाही, त्यांना लिंक उघडताच पासवर्ड मागितला जातो आणि त्या तिथेच थांबतात. त्यांच्यामागे लागू नये.

सर्वांत जास्त वेळा मात्र वेगळंच होतं. मेसेज वाचून काकू ताईलाच अंगठा पाठवतात, वर "मस्त झाली ग साडी!" असंही लिहितात, आणि त्यांच्या दृष्टीने रिव्ह्यू देऊन झालेला असतो. हा अंगठा उचलून, त्याचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला लावायचा मोह होतो. त्यात काकूंचा फोटो, नाव, कधी नंबरही दिसतो. आधी विचारावं: "काकू, हे वाक्य तुमच्या नावाने माझ्या पानावर टाकलं तर चालेल का? की नुसतं 'रावपुऱ्याच्या एक काकू' असं लिहू?" होकार लेखी आला की तो जपून ठेवावा. नऊवारीतल्या फोटोचं तर जास्तच सांभाळावं. लग्नातला फोटो काकूंनी कौतुकाने पाठवलेला असतो, जगाला दाखवायला नव्हे.

आणि मेसेज पाठवायचा कुणाला? सगळे म्हणतात खूश गिऱ्हाइकांना. ऐकायला सरळ वाटतं, पण गूगलच्या नियमात नेमकी हीच गोष्ट बसत नाही. निवडून फक्त चांगलं बोलणाऱ्यांकडून अभिप्राय मागणं आणि बाकीच्यांना त्यापासून दूर ठेवणं त्यांना मान्य नाही. आधी "तुम्ही खूश आहात का?" असं विचारून, हो म्हणेल तिलाच लिंक पाठवण्याची युक्ती बरेच जण शिकवतात. तीही यातच मोडते. ताईला जमण्यासारखा मार्ग असा: साडी दिल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला फोन करून विचारायचं, काही सैल-घट्ट असेल तर आणून घ्यायची, दुरुस्त करून द्यायची, आणि मग सगळ्यांनाच तोच मेसेज पाठवायचा. दुरुस्तीनंतर पुष्कळशा नाराज बायका निवळतात. ज्या निवळत नाहीत, त्यांचंही येऊ द्यावं.

"रिव्ह्यू दिलात तर पुढच्या शिलाईत पन्नास रुपये कमी" हेही चालत नाही, आणि वाईट अभिप्राय काढून टाकण्यासाठी पैसे परत करणंही नाही. व्यवहार म्हणूनही हा सौदा वाईटच. पन्नास रुपयांसाठी लिहिणारी 'गुड वर्क' यापलीकडे जात नाही.

वेळेचंही एक गणित आहे. नऊवारी शिवून मिळते तेव्हा नेसली जात नाही. ती लग्नात, हळदीकुंकवाला किंवा गणपतीत नेसली जाते. साडी दिल्याच्या संध्याकाळी मेसेज गेला तर काकू लिहिणार तरी काय? म्हणून साडी देतानाच कार्य कधी आहे ते वहीत टिपून ठेवावं आणि त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी चहाच्या सुमारास मेसेज टाकावा. आठवडाभराने एकदा आठवण करावी, तीही एका ओळीत. तिसरा मेसेज पाठवला की पुढची साडी दुसरीकडे जाते.

जुन्या ऐंशी गिऱ्हाइकांना एका रात्रीत मेसेज पाठवून टाकण्याचा उत्साह आवरावा. काल शून्य आणि आज चाळीस अभिप्राय ही वाढ गूगलच्या यंत्रणेलाही संशयास्पद दिसते आणि माणसालाही. एकच मजकूर सगळ्यांना कॉपी करायला दिला असेल तर अजूनच. रोज तीन-चार पुरेत. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीचाही भरवसा नाही. ज्यांनी ताईचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांच्यापर्यंत तो निरोप पोचतच नाही.

कधी काकू शपथेवर सांगतात की मी लिहिलंय, आणि ताईला काहीच दिसत नाही. दोघी खरं बोलत असतात. लिहिणारीला तिचा अभिप्राय तिच्या फोनवर दिसत राहतो, पण तपासणीत अडकला तर इतरांना दिसत नाही. मजकुरात कौतुकाने ताईचा फोन नंबर टाकला असेल तर असं होऊ शकतं. काही दिवस वाट बघावी. तरी दिसला नाही तर नंबर काढून तोच मजकूर दुरुस्त करायला सांगावं.

भाषेबद्दल बडोद्याचा प्रश्न वेगळा आहे. इथली कितीतरी मराठी मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा गुजराती किंवा इंग्रजी असल्यामुळे लांबलचक मराठी मेसेज वाचताना अडखळतात. त्यांना तोच मेसेज चार ओळींत आटपावा. गुजराती बेनना गुजरातीतच पाठवावा, म्हणजे उत्तरही मोकळं येतं. गूगल अनुवाद करून दाखवतं, तेव्हा वाचणाऱ्याचं अडत नाही. "सरस काम, निर्या बराबर रही" असं कुणी लिहिलं, तर त्यात बडोदं दिसतं. ते 'व्हेरी नाइस सर्व्हिस'पेक्षा कितीतरी खरं वाटतं.

मग एक दिवस तीन तारे येतात: "साडी चांगली, पण दोन दिवस उशीर." याला उत्तर देताना ताईच्या मनात पहिली गोष्ट येते ती ही की उशीर ब्लाउजचं कापड तुम्हीच उशिरा दिल्यामुळे झाला. ते लिहू नये, आणि गिऱ्हाइकाचं नाव, माप, पत्ता यांतलं काहीच उत्तरात येऊ देऊ नये. एवढंच लिहावं: "उशीर झाला हे खरं आहे. लगीनसराईत तारीख सांगताना आता दोन दिवस जास्त धरते." आणि खरोखर वहीत दोन दिवस जास्त धरावेत.