मामांचा चेहरा शब्दांत धरताना

मामांचा एक फोटो फार सुरेख आला होता, पण मागे माणसांची दाटी आणि अंगात चुरगळलेला शर्ट. चेहरा तोच ठेवून साधी पार्श्वभूमी आणि कोट, एवढंच मला हवं होतं. फोटो एआय टूलला दिला आणि लिहिलं, ‘चेहरा अजिबात बदलू नकोस.’ आलेल्या चित्रातला माणूस देखणा होता. दहा वर्षांनी तरुण, दोन छटा उजळ, दात दाखवून हसणारा. मामांचा चुलत भाऊ म्हणून सहज खपला असता.

असं होतं, कारण अशी बरीचशी टूल्स चेहरा कापून नव्या चित्रात चिकटवत नाहीत, फोटो समोर ठेवून सगळं नव्याने काढतात. जिथे खूण पुसट असते तिथे मॉडेल आपल्या सवयीचा चेहरा भरतं, आणि तो बहुतेक वेळा गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखा असतो. ‘बदलू नकोस’ म्हटल्याने काय टिकवायचं ते त्याला कळत नाही. म्हणून फोटोसोबत द्यायच्या वर्णनात मामांचं सगळं रूप न लिहिता, हा सरासरी चेहरा जिथे जिथे घुसत होता तेवढ्याच जागा मी धरल्या.

आकारापासून सुरुवात केली. ‘लंबगोल’ म्हटलं की अर्धी दुनिया त्यात बसते. त्यापेक्षा रुंदी कुठे जास्त आणि कुठे कमी, ते पाहिलं. मामांच्या गालांची हाडं कपाळापेक्षा रुंद आहेत, जबडा खाली लगेच निमुळता होत नाही, हनुवटी आखूड आणि बोथट. केस दोन्ही कानशिलांवर मागे सरकलेले. शिवाय डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ओळख बऱ्याचदा अशा असमानतेतच असते आणि मॉडेल नेमकी तीच ‘दुरुस्त’ करतं.

रंगाने मात्र दमवलं. ‘सावळा’ लिहिलं तर एकदा फारच गडद, एकदा जवळजवळ गोरा. मग मूळ फोटोत रंग उचलणारं साधन फिरवून पाहिलं: कपाळावरची चकाकी, गालाचा मधला भाग आणि हनुवटीखालची सावली हे तीन अगदी वेगळे रंग निघाले. प्रकाश डावीकडच्या खिडकीतून येत होता. त्वचेचा रंग म्हणून गालाचा मधला भाग धरायचा आणि प्रकाश वेगळ्या वाक्यात सांगायचा, असं ठरवलं. नाहीतर सावली त्वचेत मुरते किंवा चकाकीमुळे माणूस उजळ होतो. गूगलने २०२२मध्ये खुली केलेली, समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी स्वतःच्या डोळ्याला लगाम म्हणून बरी पडते. पण तिच्यातला आकडा मॉडेलला कळेलच असं नाही, म्हणून लिहायचं शब्दांतच.

चेहऱ्यावरच्या भावाचंही तसंच. ‘हसरा’ म्हटलं की दात आलेच. मामांचं हसू ओठांत नाही, डोळ्यांखाली आहे. तेव्हा भावनेचं नाव गाळलं आणि कुठला स्नायू काय करतोय ते लिहिलं. शेवटी टिकलेला मजकूर असा:

‘साठीचे गृहस्थ. गालांची हाडं कपाळापेक्षा रुंद, जबडा भरीव, हनुवटी आखूड आणि बोथट. डावी भुवई किंचित वर. त्वचा मध्यम गडद तपकिरी, पिवळसर झाक, डोळ्यांखाली गालापेक्षा गडद. रंध्रं आणि सुरकुत्या आहेत तशा. ओठ मिटलेले, फक्त डावा कोपरा जरा वर, खालच्या पापण्या किंचित आवळलेल्या, कपाळ सैल. डावीकडून मऊ उजेड.’

‘देखणे’, ‘प्रसन्न’, ‘रुबाबदार’ ही विशेषणं मुद्दाम वगळली. ती आली की सरासरी चेहरा मागच्या दाराने परत येतो.

तपासायला मूळ फोटो अर्धपारदर्शक करून नव्या चित्रावर ठेवला आणि दोन्ही बुबुळं जुळवली. जबड्याची रेघ किंवा केसांची सीमा सरकली असेल तर लगेच दिसते. जे सरकलंय तेवढंच एक वाक्य बदलायचं, बाकी मजकूर आणि टूलमध्ये सोय असेल तर सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडासुद्धा तोच ठेवायचा. दोन वाक्यं एकदम बदलली की फरक कशाने पडला ते कळत नाही. नंतर मामीला मूळ फोटो न दाखवता नुसतं चित्र दाखवलं. ती म्हणाली, “हे असे कधी बसले? आणि कान का असा?”

कानाचं तिने बरोबर पकडलं. फोटोत मान वळलेली असल्याने उजवा कान दिसतच नव्हता आणि मी चेहरा समोरून मागितला होता. जे फोटोतच नाही ते मॉडेल रचून देणार, आणि शब्दांनी सांगायचं तर मलाही तो कान नीट आठवायला हवा. शब्द फोटोला आधार देतात, त्याची जागा घेत नाहीत. वरचं वर्णन फोटोशिवाय दिलं तर भलताच कोणी गृहस्थ येतो. मग मान मूळ फोटोइतकीच वळलेली ठेवली आणि कोट तेवढा बदलला.