तुम्ही विचारलंत म्हणून : डोळ्यावरचा हात

"शेवटच्या रात्री तो वॉचमन एका डोळ्यावर हात धरून सिनेमा का बघतो? रडत असतो का?"

नाही, रडत नसतो. डोळे आलेले नाहीत, पडद्यावरचं काही असह्य झालंय असंही नाही. कथेत मी कारण दिलं नाही, कारण रात्रपाळी केलेल्या माणसाला ते लगेच कळेल असं मला वाटलं होतं. पण रडण्याचाच अर्थ इतक्यांदा काढला गेला की आता सरळ सांगते.

रात्री आठ ते सकाळी आठची ड्युटी, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना, दर तासाला एक राउंड. अकराची पाळी सुटून गाड्या गेल्या की गेट शांत होतं. बाराला मोबाइलचा रोजचा डेटा नव्याने मिळतो, म्हणून सिनेमा बारानंतरच. दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा, पण सलग पाऊण तास कधीच हाती लागत नाही. शिवाय तीन-चारच्या सुमाराला झोप अंगावर येते तेव्हा फोन पुढे चालत राहतो आणि माणूस मागे राहतो. कुठे थांबवलं ते फोनला आठवतं, कुठे डोळा लागला ते आठवत नाही. म्हणून तो रोज दहा-पंधरा मिनिटं मागे जातो आणि तोच प्रसंग दोनदा, तीनदा बघतो. सिनेमा पाच रात्री पुरतो तो असा.

आता तिसरी रात्र. तीनला दोन मिनिटं असताना पडद्यावर एक भाऊ बारा वर्षांनी बंद घराच्या दाराशी पोचतो. वॉचमन तिथेच सिनेमा थांबवतो, कानटोपी ओढतो आणि निघतो. मागच्या भिंतीपाशी भंगाराच्या ढिगाजवळ राउंडचं बटण बसवलेलं आहे. हातातलं यंत्र त्याला टेकवलं की वेळ नोंदली जाते. तो टेकवतो : तीन वाजून चार मिनिटं. बटणापासून आठ-दहा पावलांवर कुंपणाची तार वाकवलेली आहे आणि तांब्याच्या केबलची दोन वेटोळी गायब आहेत. त्याला दिसत नाही.

अंधारात बघण्याचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात, त्यांच्यातलं रंगद्रव्य उजेडाने फिकं पडतं आणि सावकाश परत भरतं. लख्ख उजेडातून आल्यावर नजर पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. फोनचा उजेड उन्हाएवढा नसतो, त्यामुळे थोडं लवकर भागतं, पण सहा मिनिटांत नाही. केबिनच्या काळोखात तोंडाजवळ धरलेला उजळ पडदा तेवढ्याला पुरतो. टॉर्च होती की, असं म्हणाल. होती. टॉर्चने बटणाभोवती एक लख्ख गोल पडला आणि त्या गोलाबाहेरचं सगळं आणखी काळं झालं.

सकाळी सुपरवायझर यंत्रातली नोंद काढतो. "तीन-चारला तू तिथेच होतास ना? मग दिसलं कसं नाही?" तो राउंड चुकवून झोपला असता तर त्याच्यापाशी निदान एक ओळखीचा गुन्हा असता. इथे तो वेळेवर गेला, जागा होता, भिंतीसमोर उभा राहिला. "दिसलं नाही, साहेब," एवढंच तो म्हणतो, आणि पगारातून कपात होते.

पहिल्या खर्ड्यात मी त्याला फोन खणात टाकायला लावला होता. शिक्षा झाली, माणूस सुधारला, कथा संपली. तेव्हाच्या मला ते न्याय्य वाटायचं. आज मला तो खर्डा क्रूर वाटतो. बारा तास एका खुर्चीत बसलेल्या माणसाकडून मी त्याची एकुलती एक गोष्ट काढून घेतली होती. पण तेव्हाची मी म्हणते, डोळ्यांचं शास्त्र पुढे करून तू त्याला सोडवते आहेस; सिनेमा बघितला नसता तर तार दिसली असती. हेही खरंच आहे. मला उत्तर देता येत नाही.

म्हणून तो हात. दोन्ही डोळे अंधाराला वेगवेगळे सरावतात. एक झाकून ठेवला तर तो तयार राहतो, दुसरा सिनेमा बघतो. राउंडला निघताना त्याने हात काढला की झाकलेल्या डोळ्याला भिंत, तार, ढीग सगळं दिसतं. पडदा मंद करूनही फरक पडला असता, पण या स्वस्त फोनवर मग रात्रीचे प्रसंग कळतच नाहीत.

युक्ती पुरती साधत नाही. हात काढल्यावर एक डोळा बघत असतो आणि दुसरा आंधळाच असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. शेवटच्या परिच्छेदात तो केबिनच्या पायरीवर अडखळतो, तेही तुम्ही दुःखाने म्हणून वाचलंत. पायरी त्याला दिसली होती. ती किती खाली आहे ते कळलं नव्हतं.