‘गोळी सुरू झाली आणि पाणी बंद झालं’

ओपीडी संपत आली होती. साठीच्या आसपासचे एक काका आत आले आणि बायकोला त्यांनी बाहेरच थांबवलं. तेव्हाच मला अंदाज आला. प्रोस्टेटच्या त्रासासाठी मी त्यांना सिलोडोसिनची ८ मिलिग्रॅमची गोळी दिली होती. लघवीची धार सुधारली होती, रात्रीचं उठणंही कमी झालं होतं. तरी चेहरा उतरलेला.

"डॉक्टरसाहेब, सगळं होतं, सुखही वाटतं, पण बाहेर काहीच येत नाही. धातू संपला म्हणायचा का?"

एका वैदूने त्यांना ‘ताकदीचं’ चूर्णही विकलं होतं. खरं तर हा परिणाम गोळी देतानाच सांगायला हवा, पण अनेक दवाखान्यांत तो सांगितला जात नाही. आमच्या चिठ्ठीवर मात्र तो लिहिलेला होता, काकांनी वाचलाच नव्हता.

वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळला जातो, म्हणून ते पुढेच जातं. ही गोळी तोच स्नायू सैल करते. लघवी सुटते ती त्यामुळेच आणि वीर्य उलटं मूत्राशयात जातं तेही त्यामुळेच. पुढच्या लघवीबरोबर ते निघून जातं, आत साठत नाही. काही जणांत या गोळीमुळे वीर्य मुळात पुढे सरकतच नाही, त्यानेही अपाय होत नाही.

काकांचा विश्वास बसेना. खरं तर तपासणीची गरज नव्हती, तरी केली. संबंधाआधी लघवी करून यायचं आणि नंतरची पहिली लघवी बाटलीत आणायची. लॅबमध्ये ती फिरवून तळाचा गाळ काचेवर घेतला आणि त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवला. शुक्राणू होते, पण निपचित. आम्लधर्मी लघवीत ते टिकत नाहीत.

"म्हणजे आहेत की!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेर काकूंनाही ऐकू गेलं असावं.

हेच लक्षण तिशीतल्या, मूल हवं असलेल्या माणसात दिसलं तर मी असा निवांत बसत नाही. औषध नाही, प्रोस्टेटचं ऑपरेशन नाही, पाठीच्या कण्याला मार नाही, तर आधी साखर तपासतो, कारण बरीच वर्षं मुरलेला मधुमेह या स्नायूच्या नसा निकामी करतो. अशांना आधी सोडा देऊन लघवीतलं आम्ल कमी करतात, मग लघवीतून शुक्राणू वेगळे काढून गर्भाशयात सोडता येतात. लघवीत रक्त असेल किंवा वीर्यपतनाच्या वेळी दुखत असेल, तर वय कितीही असो, तपासणी टाळायची नाही. आणि बाहेर काही येत नाही म्हणून गर्भ राहणारच नाही, असं धरून चालू नये.

काकांना दोन पर्याय दिले. गोळी बदलली तर बहुतेक काही दिवसांत पूर्ववत होईल. प्रोस्टेट खरवडण्याच्या ऑपरेशननंतर हे सहसा कायमचं राहतं, तसं इथे नाही. फक्त मनाने गोळी बंद करायची नाही, लघवी तुंबू शकते.

त्यांनी काकूंना आत बोलावलं. सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "मूलबाळ झालंय आपलं. रात्रीची झोप लागतीय ना? मग राहू द्या हीच."


चूर्णाची पुडी काका माझ्या टेबलावरच ठेवून गेले.