तुम्ही विचारलंत म्हणून: बसबद्दल विचारायचं की बसबद्दलच्या वाक्याबद्दल?

«आमच्या प्रश्नावलीत सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच पर्याय आहेत. गाईड म्हणतात सिमँटिक डिफरन्शियल वापरा, नाहीतर व्हिज्युअल अ‍ॅनालॉग स्केल. ते कधी घ्यायचं आणि लिकर्ट कधी पुरतं?»

उदाहरण म्हणून एसटी घेऊ. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. 1 जून 2022 ला महामंडळाची पहिली इलेक्ट्रिक बस, 'शिवाई', धावली तीही त्याच मार्गावर. समजा, या मार्गावरच्या प्रवाशांना नेहमीची लालपरी कशी वाटते आणि शिवाई कशी वाटते, हे मोजायचं आहे.

लिकर्टच्या पद्धतीने, 1932 पासून चालत आलेल्या, आपण एक वाक्य लिहितो: «शिवाई बस बऱ्यापैकी आरामदायी आहे.» कुणीतरी 'असहमत' वर खूण करतो. त्याला बस त्रासदायक वाटली, की 'बऱ्यापैकी' कसली, चांगली झकास आहे, असं म्हणायचं होतं? दोघांची खूण एकाच चौकटीत पडते. सहमतीच्या मापनीची मुळातली अडचण हीच आहे. प्रवासी बसबद्दल न सांगता आपण लिहिलेल्या वाक्याबद्दल सांगतो, आणि त्यावरून बसबद्दल त्याला काय वाटतं याचा अंदाज आपण करतो.

दुसरी अडचण 'हो' म्हणण्याच्या सवयीची. सर्वेक्षक घरी आलाय, चहा झालाय, वाक्य वाचून दाखवतोय. समोरचा म्हणतो, «हो, बरोबर आहे.» ही सवय किती आहे ते तपासायला दोन उलट वाक्यं ठेवतात: «गाडी वेळेवर सुटते» आणि «गाडी सुटायला उशीर होतो». दोन्हींना 'सहमत' म्हणणारे नेहमी सापडतात. मग कुणीतरी उपाय सुचवतं की अर्धी वाक्यं नकारार्थी करा. त्यातून «गाडी वेळेवर सुटत नाही: असहमत» असली कोडी तयार होतात. 'नाही'ला 'नाही' म्हणायचं म्हणजे काय, हे प्रवासी धावत्या गाडीत का सोडवत बसेल?

सिमँटिक डिफरन्शियलमध्ये वाक्यच नसतं. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स ऑसगुड, जॉर्ज सुसी आणि पर्सी टॅननबॉम यांनी ही पद्धत बसवली आणि 1957 मध्ये सविस्तर मांडली. वर वस्तूचं नाव, खाली विरुद्ध विशेषणांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीत सात रिकाम्या चौकटी. लोक विशेषणं वापरतात त्यामागे त्यांना तीन मोठे अक्ष वारंवार दिसले: बरं-वाईट, ताकद आणि चपळता. अभिवृत्ती मोजायची तर मुख्यतः पहिला अक्ष लागतो. 'दणकट–नाजूक' किंवा 'वेगवान–संथ' या जोड्या वर्णनासाठी जरूर ठेवा, पण त्यांचे गुण 'बस किती आवडते' या बेरजेत घालू नका. बस दणकट आहे असं मानूनही ती नावडू शकते.

खरं काम जोड्या निवडण्यात आहे, आणि इंग्रजी यादीचं भाषांतर करणारे इथेच फसतात. आधी पंधरा-वीस प्रवाशांना विचारा, «ही गाडी कशी वाटते? तीन-चार शब्दांत सांगा.» त्यांचेच शब्द घ्या. मग वेगळ्या दहा जणांना एकेक शब्द देऊन विचारा, «याच्या उलट काय?» सात-आठ जण एकच शब्द सांगत असतील तर जोडी पक्की. 'स्वच्छ'ला 'अस्वच्छ' किंवा 'घाणेरडी' लगेच येतं. 'साधी'ला मात्र कुणी 'भारी' म्हणेल, कुणी 'भपकेबाज', कुणी 'एसी', आणि 'साधी' हे कौतुक की तक्रार, तेही ठरत नाही. अशी जोडी टाकून द्यावी. 'शांत' शब्दही फसवा आहे. शांत गाडी म्हणजे आवाज न करणारी, शांत ड्रायव्हर म्हणजे न चिडणारा, आणि बाजार शांत म्हणजे धंदा नाही. वस्तू बदलली की विशेषणाचा अर्थ सरकतो. म्हणून एका वस्तूसाठी चाललेली जोडी दुसरीसाठी पुन्हा तपासावी लागते.

मराठीत एक जास्तीची भानगड आहे, ती लिंगाची. बस भरवशाची, पण खासगी वाहन भरवशाचं. बस आणि खासगी वाहन एकाच छापील जोड्यांवर तोलायचे असतील तर 'आरामदायी', 'सुरक्षित', 'स्वच्छ' यांसारखी न बदलणारी विशेषणं निवडा, नाहीतर प्रत्येक वस्तूसाठी पान वेगळं छापा. 'भरवशाचा/ची/चं' असं तिरक्या रेषांचं लेखन वाचणाऱ्याला अडखळवतं.

पानावर चौकटींना आकडे देऊ नका. चांगली बाजू काही जोड्यांत डावीकडे, काहींत उजवीकडे ठेवा. ज्याने डोळे मिटून सगळीकडे डावी चौकट भरली, त्याची बस एकाच वेळी 'आरामदायी' आणि 'अस्वच्छ', 'सुरक्षित' आणि 'बेभरवशाची' निघते आणि तो पकडला जातो. कोडिंग सोपं आहे: डावीकडून चौकटींना 1 ते 7 क्रमांक द्या.

```
चांगली बाजू डावीकडे:   गुण = 4 − चौकट
चांगली बाजू उजवीकडे:  गुण = चौकट − 4
```

दोन्हींत गुण −3 ते +3 मध्येच येतात. मधल्या चौकटीची काळजी घ्या. ती तिघं जण भरतात: ज्याला खरंच मध्यम वाटतं तो, ज्याला कधी बरं कधी वाईट वाटतं तो, आणि जो शिवाईत कधी बसलेलाच नाही तो. तिसऱ्यासाठी ओळीच्या बाहेर 'माहीत नाही' अशी वेगळी चौकट हवी, नाहीतर त्याचं अज्ञान शून्य गुण बनून सरासरीत शिरतं.

आता एका काल्पनिक प्रवाशाचे गुण पाहू. जोड्यांचा क्रम असा: आरामदायी, भरवशाची, स्वच्छ, सुरक्षित, आणि 'आपलीशी–परकी'.

```
लालपरी:  −1  +2  −1  +2  +3   बेरीज 5, सरासरी 1.0
शिवाई:   +3   0  +2  +1  −1   बेरीज 5, सरासरी 1.0
```

सरासरी तंतोतंत सारखी आहे. सहमतीच्या मापनीवर «मला शिवाई आवडते» आणि «मला लालपरी आवडते» अशी दोन वाक्यं विचारली असती तर दोन्हींना 'सहमत' आलं असतं आणि आपण 'फरक नाही' असं लिहून मोकळे झालो असतो. इथे दिसतं की एका गाडीवर याचा भरवसा आणि जीव आहे, तर दुसरीचं त्याला सुख आहे. हे अंतर एका आकड्यात हवं असेल तर ऑसगुडचं सूत्र आहे: `D = √Σd²`. जोडीगणिक फरक 4, 2, 3, 1, 4. त्यांचे वर्ग 16, 4, 9, 1, 16, बेरीज 46, वर्गमूळ सुमारे 6.8. पाच जोड्यांत जास्तीत जास्त अंतर √180, म्हणजे सुमारे 13.4 असू शकतं. दोन-तीन वस्तू शेजारी ठेवून त्यांची ठेवण पाहायची असेल, तेव्हा माझं मत सरळ सिमँटिक डिफरन्शियलच्या बाजूने आहे.

व्हिज्युअल अ‍ॅनालॉगचं काम वेगळं. 1921 मध्ये हेज आणि पॅटरसन यांनी ही कल्पना मांडली, आणि पुढे दुखणं मोजण्यासाठी दवाखान्यांत ती रुळली. 100 मिलिमीटरची एक आडवी रेघ, दोन टोकांना शब्द, मध्ये ना आकडा ना खूण. प्रवासी रेघेवर उभी फुली मारतो, आपण डावीकडून मिलिमीटर मोजतो. एकच भावना, तिची तीव्रता, आणि तीही त्याच माणसात बदलताना पकडायची असेल तर हे साधन उपयोगी. समजा, 'बॅटरी वाटेत संपेल' ही धास्ती पुण्यात चढताना, शिरूरला आणि उतरताना, अशी तीनदा मोजायची आहे. 0 ते 10 आकडे दिले तर माणसाला आठवतं की मघाशी 7 म्हटलं होतं, आणि तो सुसंगत दिसायला पुन्हा 7 म्हणतो. शिवाय 5 आणि 10 वर गर्दी होते. रेघेवरची जागा एवढी नेमकी लक्षात राहत नाही. मात्र प्रत्येक वेळी नवा कागद द्या, आधीची फुली दिसता कामा नये.

टोकं खरीखुरी टोकं हवीत: «अजिबात धास्ती नाही» आणि «याहून जास्त धास्ती असूच शकत नाही». उजव्या टोकाला नुसतं 'खूप धास्ती' लिहिलं तर घाबरट माणूस रेघेबाहेर फुली मारायला बघतो. 'धास्ती' आणि 'विश्वास' ही दोन टोकंही चालणार नाहीत, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदावर सर्वात जास्त चूक झेरॉक्स करते. प्रत निघताना पान किंचित लहान-मोठं होऊ शकतं आणि रेघ, समजा, 97 मिलिमीटरची राहते. प्रत्येक गठ्ठ्यातली एक रेघ मोजा आणि फुलीचं अंतर त्या लांबीने भागून 100 ने गुणा. 58 वरची फुली मग 59.8 होते. सगळ्या प्रती एकाच गठ्ठ्यातल्या असतील तर चूक सगळीकडे सारखी, पण 'आधी' एका गठ्ठ्यावर आणि 'नंतर' दुसऱ्यावर घेतलं तर कागदाचा फरक माणसाचा फरक म्हणून छापला जाईल.

मोबाइलवर चूक वेगळी होते. सुरुवातीची किंमत न देता `<input type="range" min="0" max="100">` लिहिलं की ब्राउझर सरकपट्टीची मूठ 50 वर ठेवतो. प्रश्न न वाचता पुढे गेलेल्याचंही उत्तर 50 नोंदतं. 'हात लावला का' एवढी नोंद ठेवून हे पूर्ण सुटत नाही, कारण ज्याला खरंच 50 म्हणायचंय तो मूठ हलवतच नाही. रेघेवर बोट टेकवेपर्यंत मूठ दाखवूच नये, हा उपाय त्यातल्या त्यात बरा. विदेत नेमक्या 50 चा अनैसर्गिक ढीग दिसला तर हेच कारण समजा.

रेघ सगळ्यांना झेपत नाही. भावनेची लांबी करायची ही कल्पना कमी शिकलेल्यांना आणि बऱ्याच वयस्कांना परकी वाटते. ते टोकाच्या शब्दालाच गोल करतात किंवा दोन फुल्या मारतात. आधी एक सरावाचा प्रश्न द्या, «आज उकाडा किती आहे?» तिथे तीनपैकी एक जण जरी अडखळला तरी त्या गटासाठी रेघ सोडा आणि पाच शब्दांची साधी श्रेणी घ्या. फोनवरच्या मुलाखतीत तर रेघेचा प्रश्नच येत नाही. आणि 61 व 63 यांत अर्थ शोधू नका, माणसाचा हात तेवढा स्थिर नसतो.

सहमतीची मापनी कुठे ठेवायची? जिथे मत मुळातच विधान असतं तिथे. «एसटीचं खासगीकरण होऊ नये» याला विशेषणांची जोडी नाही की तीव्रतेची रेघ नाही. लोक हे वाक्य असंच बोलतात आणि त्याला होकार किंवा नकारच देतात. पण «गाडी वेळेवर येते: सहमत/असहमत» हे मात्र काढून टाका आणि सरळ विचारा, «गेल्या पाच फेऱ्यांत गाडी किती वेळा उशिरा आली?»