१२.५ टक्क्यांचा बोर्ड

ब्रिजच्या एका स्पर्धेत तीन नो ट्रम्प बोललो, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात करायचं कबूल केलं, बरोबर नऊ केले, प्लस ४०० लिहिले आणि त्या बोर्डवर, म्हणजे त्या वाटपावर, आम्हाला मिळाले १२.५ टक्के. याला बरेच दिवस झाले, पण तो आकडा अजून टोचतो. चूक झाली असती तर निमूट गिळली असती. मी तर तो डाव पुस्तकात शिकवतात तसा, जपून खेळलो होतो.

त्याआधी दोन वर्षं मी फक्त टीमचे सामने खेळलो होतो. ही माझी पहिली पेअर्स स्पर्धा, म्हणजे तेच वाटप अनेक टेबलांवर खेळून जोड्यांची आपसात तुलना. नाव देणं, सिस्टिम कार्ड भरणं, दर राउंडला टेबल बदलणं, सगळं सुरळीत झालं. अडलं ते या एका बोर्डवर.

डमीत, म्हणजे भिडूच्या टेबलावर उघड मांडलेल्या पानांत, किलवरची एक्का, राजा, राणी, तिर्री, दुर्री. माझ्या हातात किलवरची छक्की, पंजी, चौकी. डमीत जायला किलवरशिवाय दुसरी वाटच नाही. बाकी तीन रंगांत मिळून पाच हात पक्के, म्हणजे नऊसाठी किलवरचे चार हवेत. समोरच्यांकडे किलवरची पाच पानं. ती तीन-दोन वाटली गेली असतील तर वरून एक्का, राजा, राणी ओढायचे, उरलेली दोन्ही पानं पिकतात, पाच हात मिळतात, एकूण दहा. पण चार-एक असतील तर तीन पानं ओढल्यावरही एकाकडे गुलाम किंवा दश्शी शिल्लक राहते. तो हात देऊन डमीतलं शेवटचं पान पिकवता येतं, पण तिथे जायचं कसं? किलवरचे तीनच हात, एकूण आठ, डाव बुडाला.

यावर उपाय म्हणजे एक हात आधीच सोडून देणं. मी चौकी खेळलो आणि डमीतून दुर्री टाकली. समोरच्यांनी हात घेतला, पण सलग हात काढायला त्यांच्याकडे कुठला रंग नव्हता. आता वाटणी तीन-दोन असो की चार-एक, किलवरचे चार हात ठरलेले. तीन-दोन वाटणी साधारण ६८ टक्के वेळा येते, चार-एक २८ टक्के. पाच-शून्य असेल तर कसंही खेळलं तरी आठच, म्हणून ती बाजूला ठेवा.

नवीन खेळणाऱ्यांना वाटतं, आधी एक्का ओढून बघू, मग ठरवू. त्यातून काही कळत नाही. एकटं पान असलेला खेळाडूही पहिल्या फेरीत रंग देतो. दोघांनी रंग दिला तरी वाटणी झाकलेलीच राहते, आणि दुसऱ्या फेरीत तरी हात सोडायचा की नाही, हे तसंच अंधारात ठरवावं लागतं.

किलवर तीन-दोनच निघाल्या. मी नऊ हातांचं समाधान मानलं. मग शेवटचा राउंड होईपर्यंत वाट पाहणं, कारण सगळ्या टेबलांवर बोर्ड खेळून झाल्याशिवाय मॅचपॉइंट लावता येत नाहीत. यादी लागली, त्यात आठपैकी एक पॉइंट. मी डायरेक्टरकडे तपासणी मागितली. त्यांनी नोंद पाहिली, ४०० बरोबर आहे म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. नोंद चुकली असेल असं मी म्हणतच नव्हतो. तिचे इतके कमी का, हे मला हवं होतं, आणि ते त्या खिडकीवर कोणी सांगेना. मी दोनदा रांगेत उभा राहिलो. शेवटी माझ्या भिडूने स्कोअरशीट माझ्यापुढे ठेवली. "बाकीच्यांचे आकडे वाच, आपला नको."

टेबलं नऊ, म्हणजे आमचीच पानं खेळलेल्या आणखी आठ जोड्यांशी तुलना. जिला मागे टाकलं तिचा एक पॉइंट, बरोबरीचा अर्धा. सहा जोड्यांनी वरून ओढून दहा हात केले होते, ४३०. दोघांनी माझ्यासारखा हात सोडला होता, ४००. मी कोणालाच मागे टाकलं नव्हतं, दोन बरोबऱ्यांचा मिळून एक पॉइंट. वरून ओढलं असतं तर दोघांच्या पुढे, सहांशी बरोबर, म्हणजे पाच. नुकसान चार पॉइंटांचं.

आता किलवर चार-एक असत्या तर? ते सहाही जण उणे ५० वर असते. माझे ४०० त्या सहांच्या पुढे, दोघांशी बरोबर, म्हणजे सात. वरून ओढलं असतं तर सहा बरोबऱ्यांचे तीन. फायदा पुन्हा चार पॉइंटांचाच! एका बाजूला ३० गुण, दुसऱ्या बाजूला ४५० गुण, आणि मॅचपॉइंटच्या तराजूत दोन्ही सारखेच. मग फक्त एवढंच बघायचं की कुठली वाटणी जास्त वेळा येते. ६८ विरुद्ध २८. रांगेत दोनदा उभं राहून जे मिळालं नाही ते या दोन ओळींत होतं.

टीमच्या सामन्यात हाच डाव उलटा होतो. तिथे तुलना एकाच टेबलाशी, आणि किती गुणांचा फरक त्यावर आयएमपी नावाचे पॉइंट ठरतात. ओव्हरट्रिकच्या, म्हणजे जादा हाताच्या, ३० गुणांचा एक आयएमपी. डाव बुडाला आणि पलीकडे झाला तर ४५० चा फरक, दहा आयएमपी. ६८ वेळा एक कमवायचा आणि २८ वेळा दहा घालवायचे, हा सौदा कोण करेल? तिथे दुर्रीच टाकायची.

हे कळल्यावरही मी एकदा घसरलो. पेअर्सच्या पाठोपाठ टीमचा सामना होता. तीन नो ट्रम्प, तेही व्हल्नरेबल, म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे. नऊ हात समोर दिसत होते, तरी दहाव्यासाठी इस्पिकची फिनेस घेतली, म्हणजे वरचं पान ठरावीक बाजूला असेल या अंदाजावर खालचं खेळलो. ती चुकली आणि समोरच्यांनी बदामाचे हात सलग काढले. उणे १००. पलीकडच्या टेबलावर आमच्याच टीमच्या जोडीविरुद्ध ६०० झाले होते. फरक ७००, बारा आयएमपी गेले. तेव्हापासून स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात पहिल्या बोर्डआधीच "पेअर्स" किंवा "टीम" लिहितो.

बोलीतही हाच फरक आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. टीममध्ये व्हल्नरेबल गेम, म्हणजे मोठ्या बोनसची बोली, झाली आणि पलीकडचे खाली थांबले तर ६२० विरुद्ध १७०, दहा आयएमपी. बुडाली तर उणे १०० विरुद्ध १४०, म्हणजे सहा. त्यामुळे ३८ टक्क्यांची गेमही बोलावी. पेअर्समध्ये निम्मी शक्यता तरी हवी. आणि चार इस्पिकच्या ४२० पेक्षा तीन नो ट्रम्पचे ४३० हा दहाचा फरक टीममध्ये शून्य आयएमपी, पेअर्समध्ये मात्र तेवढ्यावर बोर्ड फिरतो.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. वरचं गणित बाकीची टेबलंही त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये आहेत असं धरून आहे. डमी खाली आली की आधी विचारायचं, इथे सगळे पोचतील का? नंतरच्या एका पेअर्समध्ये आम्ही पानांचे पॉइंट कमी असताना छोटा स्लॅम, म्हणजे बारा हात, बोललो. बहुतेक जण गेममध्येच थांबतील असं वाटलं, म्हणून तेराव्या हाताचा मोह सोडून बारा पक्के केले. सात टेबलं गेममध्ये होती, एकाने आमच्यासारखेच बारा केले होते. आठपैकी साडेसात मिळाले. तेरावा घेतला असता तरी आठच.