फोंडा ते मंगेशी: रस्त्याकडेची जमीन मोजताना

फील्ड रिपोर्टसाठी शहरातून बाहेर पडणारा एक रस्ता निवडायचा आणि त्याच्या कडेने जमिनीचा वापर कसा बदलला ते दाखवायचं, असा विषय आमच्या वर्गाला मिळाला. आमच्या गटाने फोंड्याहून पणजीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 748 घेतला. फर्मागुडीपासून मार्दोळ-मंगेशीपर्यंतचा पट्टा. कुंडईची औद्योगिक वसाहत मुद्दाम बाहेर ठेवली. तिथली जमीन सरकारने एकदाच आखून वाटलेली आहे. घरामागे घर, दुकानामागे दुकान असं हळूहळू सरकत जाणारं शहर ते वेगळं, आणि दोन्ही एकाच टक्केवारीत घातली तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पुढच्या बॅचने कुठलाही रस्ता घेतला तरी असा एखादा मोठा तुकडा मध्ये येतोय का, ते आधी बघावं.

बसमधून बघितलं तर वाटतं, सगळंच बांधून झालंय. हार्डवेअर, टाइल्स, गाड्यांचे शोरूम, हॉटेल, पुन्हा हार्डवेअर. पण एखाद्या पायवाटेने आत शिरलं की पाच मिनिटांत माड-पोफळीचं कुळागर लागतं. खाली ओलसर सावली, पोफळीवर चढलेली मिरी, मधे केळी. म्हणून रस्त्यावरून चालत दोन्ही बाजूंची नोंद करायची, ही पहिली सुचणारी पद्धत या कामाला चालत नाही. ती फक्त दर्शनी भाग मोजते.

दुसरी पद्धत पुस्तकात असते: ठराविक अंतरावर रस्त्याला काटकोनात रेषा मारायच्या आणि त्या रेषांवर नमुने घ्यायचे. सरळ रस्त्यावर ती उत्तम. फर्मागुडीच्या वळणांवर मात्र वळणाच्या आतल्या बाजूच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि बाहेरच्या पांगतात. आतली जमीन दोनदा मोजली जाते, बाहेरची सुटते. म्हणून आम्ही रेषा सोडून पट्टे घेतले: रस्त्याच्या मध्यरेषेपासून 0 ते 50 मीटर, 50 ते 200 आणि 200 ते 500. मध्यरेषा अशासाठी, की रुंदीकरणात रस्त्याची कड सरकते आणि दोन वर्षांची तुलना बिघडते. प्रत्येक पट्ट्यात QGIS या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून यादृच्छिक बिंदू टाकले. पट्टे काढण्याआधी रस्त्याचा थर EPSG:32643 या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणा. तो EPSG:4326 मध्येच राहिला तर 50 चा अर्थ मीटर न राहता अंश होतो. पडद्यावर अख्ख्या भारताला कवेत घेणारं वर्तुळ दिसलं, की समजायचं हेच झालंय.

जुनी स्थिती Google Earth Pro मधल्या जुन्या चित्रांवरून वाचली. दोन्ही तारखा एकाच ऋतूतल्या घ्या. नाहीतर जानेवारीतलं कोरडं शेत आणि ऑक्टोबरमधलं हिरवं शेत यांतला फरक बदल म्हणून नोंदला जातो. जुनं चित्र कधीकधी काही मीटर सरकलेलं असतं. देवळाच्या तळीचा कोपरा दोन्ही चित्रांत ठेवून बघा, तळी काही जागची हलत नाही. जेवढी ती सरकलेली दिसेल तेवढा तुमचा बिंदूही सरकलाय. लांबच्या पट्ट्यात त्याने फारसं बिघडत नाही, पण पहिल्या पट्ट्यात अंगण आणि दुकान यांच्यात तेवढंच अंतर असतं. जुनं चित्र वाचणारा आणि नवं वाचणारा वेगळा ठेवा. एकच माणूस दोन्ही वाचतो तेव्हा त्याला बदल हवाहवासा वाटू लागतो.

प्रत्यक्ष जागेवर सगळ्यात जास्त वाद झाला तो पडीक जमिनीवरून. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. मार्दोळजवळ एका कोरड्या शेतासमोर थांबून वहीत ‘पडीक’ लिहीत होतो, तर बांधावरून एक आजोबा म्हणाले, “पडीक न्हय रे बाबा, पावसांत येवन पळय.” ते शेत सरद हंगामाचं होतं, पावसाळ्यात भात आणि नंतर मोकळं. वायंगणासाठी, म्हणजे हिवाळी पिकासाठी, पाणी नाही म्हणून हिवाळ्यात रिकामं. मग आम्ही खुणा ठरवून घेतल्या. भाताची खुंटं दिसतात, बांध शाबूत आहेत, मधे झुडूप नाही, तर ते हंगामी मोकळं. रानमोडी माजलीय, बांध फुटलेत, अकेशियाची रोपं उभी राहिलीत, तर ते वर्षानुवर्षं पडीक. आणि तांबड्या मातीचा भराव, चिऱ्यांचं कंपाउंड, फाटकाला कुलूप दिसलं, तर तिसरा वेगळा वर्ग: बांधकामाच्या तयारीतली. हा वर्ग ठेवाच. वरून काढलेल्या चित्रात ती जमीन नुसती मोकळी दिसते, पण शेती म्हणून तिचं आयुष्य संपलेलं असतं. जमलं तर सप्टेंबरमध्ये जा, भात उभं असतं आणि हा गोंधळ बराच कमी होतो. मार्दोळच्या जाईच्या मळ्यांसाठीही जागेवरच जावं लागतं. घरामागचे ते छोटे तुकडे चित्रात परसातल्या झाडीसारखे दिसतात.

जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर विसंबून वर्ग ठरवू नका. उताऱ्यावरची पिकाची नोंद आणि जागेवरचं चित्र जुळेलच असं नाही. प्रादेशिक आराखड्यातला रंग तर जमिनीचं काय करायला परवानगी आहे ते सांगतो, आज तिथे काय आहे ते नाही. दोन्ही कागद चर्चेच्या प्रकरणात वापरा, मोजणीत नको.

आता हिशोब. समजायला सोपे आकडे घेते. समजा प्रत्येक पट्ट्यात 20 बिंदू आहेत आणि त्यांतले अनुक्रमे 9, 4 आणि 1 शेती किंवा बागायतीतून बांधकामाकडे गेले. एकूण 60 पैकी 14, म्हणजे 23 टक्के, असं लिहायचा मोह होतो. पण पट्टे सारखे नाहीत. 500 मीटरमध्ये पहिल्या पट्ट्याचा वाटा 10 टक्के, दुसऱ्याचा 30 आणि तिसऱ्याचा 60. प्रत्येक पट्ट्यातलं प्रमाण, म्हणजे 45, 20 आणि 5 टक्के, त्याच्या वाट्याने गुणलं की 4.5, 6 आणि 3 येतात. बेरीज 13.5 टक्के. बसच्या खिडकीतून दिसणारं शहर आणि जमिनीवरचं शहर यांतला फरक तो हाच. वळणांमुळे आणि एकात एक शिरणाऱ्या पट्ट्यांमुळे तुमच्या रस्त्यावर वाटे नेमके असेच येणार नाहीत, ते QGIS मधल्या क्षेत्रफळावरून घ्या.

रिपोर्टची मांडणीही याच क्रमाने जाऊ दे: प्रश्न आणि पट्ट्याची हद्द, मग बिंदू कसे टाकले, मग वर्गांच्या खुणा फोटोसह, मग पट्टेवार तक्ता, आणि शेवटी भारित टक्केवारी. जागेचा इतिहास एका पानात आटपा. आमच्या आधीच्या काही रिपोर्टांत देवळांच्या माहितीने निम्मी जागा खाल्ली होती.

टक्केवारीबरोबर त्रुटीची मर्यादाही द्या. वरच्या उदाहरणात 95 टक्के विश्वासपातळीला ती साधारण 8 टक्के-अंकांची येते, म्हणजे खरा आकडा 5 ते 22 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. या अनिश्चिततेचा निम्मा भाग एकट्या लांबच्या पट्ट्यातून येतो, कारण जमीन तिथे सर्वाधिक आणि बिंदू मात्र तेवढेच. त्याच पट्ट्यात आणखी 40 बिंदू टाकले आणि प्रमाण तेच राहिलं, तर मर्यादा 6.5 च्या आसपास उतरते. तेव्हा वेळ उरला तर तो रस्त्याकडेला घालवू नका, आतल्या बिंदूंकडे चाला. दाट कुळागरात फोनचं जीपीएस बरंच भरकटतं, म्हणून छापलेलं चित्र सोबत ठेवा आणि झाडी-बांध बघून जागा ठरवा. आत शिरण्याआधी घरात विचारून घ्या. फाटकाला कुलूप असेल तर बाहेरून दिसेल तेवढंच नोंदवा आणि तक्त्यात त्या बिंदूपुढे तसं लिहा.