गीतेचा अकरावा अध्याय, पाठांतराची नोंद : ‘कालोऽस्मि’वर दोन आठवडे

बत्तिसावा श्लोक अखेर बसला, तोही सलग तीन दिवस न चुकता. इथवर तीस-एकतीस श्लोक बऱ्या वेगाने झाले होते, आणि नेमका हा सगळ्यांना आधीच अर्धा पाठ असलेला श्लोक अडकून पडला. कारण तेच. लहानपणापासून कानावर पडलेलं चुकीचंच जिभेवर बसलं होतं.

माझा सराव दिवाडीच्या फेरीबोटीत चालतो. सकाळी जुन्या गोव्याला उतरेपर्यंत दोन-तीन आवर्तनं होतात, इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकूही जात नाही. रविवारी म्हार्दोळला गुरुजींकडे म्हणून दाखवायचं. त्यांनी पहिल्याच ओळीला हात वर केला. “तुमची एक मात्रा बुडाली हो. बोटांवर मोजा.”

मोजलं. चरणात अकरा अक्षरं हवीत, माझी दहाच भरत होती. आपण मराठी-कोंकणी बोलणारे ‘क्षयकृत्’ला सहज ‘क्षय्कृत्’ म्हणतो, ‘य’चा अ गिळून टाकतो. दुसऱ्या ओळीत ‘इह’चंही ‘इह्’ होतं. सवयीने ऐकलं तर हे कळत नाही. प्रत्येक अक्षराला मांडीवर बोट आपटा, लगेच सापडतं.

अकरा भरली तरी चाल लंगडत होती. पहिला चरण शुद्ध इंद्रवज्रा वृत्तात आहे; ‘गा’ म्हणजे गुरू, जड अक्षर, आणि ‘ल’ म्हणजे लघू, हलकं:

का-लोऽ-स्मि-लो-क-क्ष-य-कृत्-प्र-वृद्-धो
गा गा ल गा गा ल ल गा ल गा गा

‘लोक’मधला ‘क’ पुढच्या ‘क्ष’मुळे गुरू होतो, हे सगळ्यांना जमतं. खोच पुढे आहे. ‘कृ’ आणि ‘वृ’ ही जोडाक्षरं नव्हेत. त्यांत एकच व्यंजन आहे आणि ‘ऋ’ हा स्वर. म्हणून त्यांच्या आधीचे ‘य’ आणि ‘प्र’ लघूच राहतात. आपण मात्र ‘क्रुत्’, ‘प्रव्रुद्धो’ म्हणतो आणि ‘क्रु’, ‘व्रु’वर आघात देऊन आधीचं अक्षर जड करून ठेवतो. ‘ऋ’चा मूळ उच्चार माझ्याच्याने निघत नाही. गुरुजींनी तोडगा दिला: ‘रु’ म्हणा हवं तर, पण आधीच्या अक्षरावर थांबू नका. तेवढ्याने ओळ पाण्यासारखी वाहायला लागली.

दुसरा घोटाळा ओळींच्या शेवटांचा. ‘प्रवृद्धो’ आणि ‘प्रवृत्तः’ यांची मी निदान दहा वेळा अदलाबदल केली. शेवटी अर्थ धरला तेव्हाच थांबलो. पहिला वृध् धातूचा, वाढलेला. दुसरा वृत् धातूचा, कामाला लागलेला. आधी काळ वाढतो, मग संहाराला लागतो, हा क्रम एकदा डोक्यात बसला की चूक होत नाही. ज्ञानेश्वरीत याच जागी ‘मी काळु गा’ म्हणून पुढे ‘वाढें’ हे क्रियापद येतं, त्याचाही आधार झाला.

आता तिसरी ओळ. इथे इंद्रवज्रेची चाल लावली तर शब्द मोडतात, आणि मी आठवडाभर तेच करत होतो.

ऋ-तेऽ-पि-त्वां-न-भ-वि-ष्यन्-ति-सर्-वे
ल गा गा गा ल ल गा गा ल गा गा

‘पि’ नेहमी लघू, पण इथे ‘त्वां’मुळे गुरू झाला आहे. पहिल्या चार अक्षरांनंतर, म्हणजे ‘ऋतेऽपि त्वां’नंतर, किंचित थांबा. चौथ्या ओळीतही ‘येऽवस्थिताः’ इथेच थांबायचं. दोन्ही ओळी शालिनी-वातोर्मी या वृत्तांच्या घाटाच्या, चार अधिक सात अक्षरं अशा. काही प्रतींत ‘त्वां’ऐवजी ‘त्वा’ छापलेलं असतं. वजन तेच राहतं, तेव्हा आपापल्या प्रतीप्रमाणे म्हणा.

अर्थही याच थांब्यावर उघडतो. ‘तू नसलास तरीही’ समोरच्या सैन्यांतले योद्धे उरणार नाहीत. कुणी ‘तू सोडून बाकी सगळे’ असं लावतात. मला ‘अपि’ असताना ते पटत नाही, आणि पुढच्या श्लोकातलं ‘निमित्तमात्रं’ही पहिल्याच अर्थाला येऊन मिळतं.

पाठ चाललाय म्हटलं की हमखास कुणीतरी अणुबॉम्बवाला शास्त्रज्ञ ओपेनहायमर काढतो. त्याने बर्कलीत आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकून हा श्लोक मुळातून वाचला होता, हे खरं. पण त्याच्या तोंडचं ‘मी मृत्यू झालो’ मनात ठेवून पाठ केलात तर गोंधळ होईल. मुळात ‘अस्मि’ आहे, ‘आहे’. झालो वगैरे काही नाही, तो आधीपासूनच काळ आहे. दहाव्या अध्यायात ‘अहमेवाक्षयः कालो’ म्हणून झालेलंच आहे. तिथे अक्षय, इथे लोकक्षयकृत्. ही जोडी लागोपाठ म्हणून बघा, दोन्ही श्लोक एकमेकांना धरून राहतात.

या आठवड्यात तेहतिसावा. ‘तस्मात्त्वमुत्तिष्ठ’ सुटसुटीत आहे, पण ‘जित्वा शत्रून्भुङ्क्ष्व राज्यं समृद्धम्’ ही चक्क अस्सल शालिनी निघाली. ‘भुङ्क्ष्व’ अजून फेरीबोट धक्क्याला लागेपर्यंत एकदाही धड आलेलं नाही.